पी आणि क्यूआरएसच्या मधलं अंतर: ईसीजीची पट्टी मोजून कशी वाचायची

ईसीजी शिकायला घेतला की बहुतेक विद्यार्थी आधी आजारांची चित्रं पाठ करायला लागतात. असं दिसलं की एएफ, तसं दिसलं की व्हीटी. माझं मत उलट आहे. चित्रं नंतर, आधी एकच लीड घ्या आणि ती मोजायला शिका. बारा लीडच्या कागदावर तळाशी लीड टूची एक लांब सलग पट्टी असते, तिला रिदम स्ट्रिप म्हणतात. वॉर्डातल्या मॉनिटरवरही बहुधा हीच लीड लावलेली असते. या लेखात मी एवढी एकच पट्टी घेतली आहे, आणि त्यातही जास्त वेळ पीआर इंटरव्हलसाठी ठेवला आहे. उंच क्यूआरएस कुणाच्याही नजरेत भरतो, पण त्याच्या आधीची छोटी पी वेव्ह आणि मधलं अंतर घाईत सुटून जातं.

सुरुवात कागदापासून. कागदावर बारीक चौकोन असतात, एक मिलिमीटरचे, आणि दर पाच बारीक चौकोनांनंतर एक ठळक रेघ. कागद सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. म्हणजे आडव्या दिशेने एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच लहान चौकोनांचा एक मोठा चौकोन ०.२० सेकंदाचा. पाच मोठे चौकोन झाले की एक सेकंद. उभ्या दिशेला विजेचा दाब मोजतात: १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पट्टीच्या एका टोकाला दहा चौकोन उंचीचा आयताकृती खांब छापलेला असतो, तो याचीच खूण आहे. तो पाच चौकोनांचाच दिसला तर मशीन निम्म्या मापावर आहे, आणि सगळ्या लहरी खऱ्यापेक्षा बुटक्या दिसणार. वेगही कागदाच्या कडेला छापलेला असतो. कुणी चुकून ५० वर ठेवला असेल तर प्रत्येक अंतर दुप्पट दिसतं आणि धडधाकट माणसाचे ठोके निम्मे वाटतात. पट्टी हातात घेतली की नाव, वेळ, वेग आणि तो खांब, एवढं आधी पाहायचं. मग लहरींकडे वळायचं.

एका ठोक्याचा प्रवास

हृदयाचा ठोका सुरू होतो उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात, एसए नोडमध्ये. तिथून वीज दोन्ही कर्णिकांमधून खाली आणि डावीकडे पसरते. लीड टू उजव्या हाताकडून डाव्या पायाकडे पाहते, म्हणजे ती विजेच्या याच वाटेवर उभी असते. म्हणून लीड टूमध्ये पी वेव्ह वर उचललेली, गोलसर आणि स्पष्ट दिसते. निरोगी माणसात तिची उंची अडीच लहान चौकोनांपर्यंत आणि रुंदी तीन चौकोनांच्या आत असते. लीड टूमध्ये पी वर, एव्हीआरमध्ये पी खाली आणि प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक पी असं दिसलं, तर ठोका एसए नोडमधूनच निघाला असं धरायला हरकत नाही. लीड टूमध्ये पी उलटी दिसली तर दोनच शक्यता आधी तपासा: वीज दुसरीकडून निघाली आहे, किंवा इलेक्ट्रोड उलटे लागले आहेत. इलेक्ट्रोड लावताना वायरच्या रंगावर विसंबू नका, कारण रंगांच्या दोन वेगवेगळ्या पद्धती चालतात. वायरवरची अक्षरं वाचा.

कर्णिकांमधून आलेली वीज सरळ खाली जवनिकांमध्ये उतरू शकत नाही, कारण मधे वीज न वाहणारी तंतुमय पडदी आहे. ओलांडायला एकच वाट आहे, एव्ही नोड. आणि एव्ही नोड मुद्दाम सावकाश चालतो. कर्णिकांनी आपलं रक्त खाली ढकललं की मगच जवनिका आकुंचन पावाव्यात, यासाठी तो विजेला दशांश सेकंदाच्या आसपास थोपवतो. कागदावर हा थांबा पी वेव्हनंतरच्या सपाट रेषेत दिसतो. पी वेव्हच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर म्हणजे पीआर इंटरव्हल. आर वेव्हच्या टोकापर्यंत मोजायचं नाही. क्यूआरएसचं पहिलं वळण, मग ते खाली जाणारं क्यू असो की वर जाणारं आर, तिथे थांबायचं. प्रौढ माणसात हे अंतर ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे तीन ते पाच लहान चौकोन असतं. पाचच्या पुढे गेलं तर एव्ही नोडमध्ये विजेला जास्त वेळ लागतो आहे. तीनच्या आत आलं तर वीज नेहमीच्या वाटेने आली नसावी.

एव्ही नोड ओलांडला की वीज हिसच्या गठ्ठ्यातून आणि पर्किंजी तंतूंमधून दोन्ही जवनिकांमध्ये झपाट्याने पसरते, म्हणून क्यूआरएस अरुंद आणि टोकदार असतो. तीन लहान चौकोनांच्या आत, बहुधा दोन-अडीच चौकोनांचा. तीन किंवा त्याहून रुंद झाला तर वीज जवनिकांमधून सावकाश पसरते आहे: एखादी शाखा बंद असेल, ठोका जवनिकेतूनच निघाला असेल, पोटॅशियम खूप वाढलं असेल किंवा पेसमेकरचा ठोका असेल.

त्यानंतरची टी वेव्ह म्हणजे जवनिका पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होणं. क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. ते हृदयगतीप्रमाणे बदलतं, म्हणून गतीनुसार सुधारलेला क्यूटीसी पाहतात. इथे तपशिलात जात नाही. एवढंच लक्षात ठेवा की क्यूटीसी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर कोणती औषधं चालू आहेत ते पाहून लगेच डॉक्टरांना सांगायचं. क्यूआरएस आणि टी यांच्यामधला एसटी भाग छातीत दुखणाऱ्या रुग्णात सगळ्यात महत्त्वाचा असतो, पण तो मॉनिटरच्या एका लीडवर ठरवू नका. मॉनिटरचे फिल्टर एसटीचा आकार बदलतात. त्यासाठी पूर्ण बारा लीडचा ईसीजी काढावा लागतो, आणि छातीत दुखत असेल तर तो रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा.

गती मोजण्याच्या दोन पद्धती, आणि कोणती कधी

ठोके नियमित असतील तर लागोपाठच्या दोन आर वेव्हमध्ये मोठे चौकोन किती ते मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. चार चौकोन असतील तर ७५, सहा असतील तर ५०. ठोके अनियमित असतील तर ही पद्धत फसवते, कारण कोणत्या दोन आर निवडता यावर उत्तर बदलतं. तेव्हा १० सेकंदांच्या पट्टीतले सगळे क्यूआरएस मोजून ६ ने गुणा. १० सेकंदांची पट्टी म्हणजे ५० मोठे चौकोन.

पट्टी नियमित आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवू नका. एक कोरा कागद घ्या, त्याची कड पट्टीच्या खाली धरा आणि दोन शेजारच्या आर वेव्हखाली पेन्सिलने खुणा करा. कागद एक-एक ठोका पुढे सरकवत न्या. खुणा आणि आर प्रत्येक वेळी जुळल्या तर ठोके नियमित. हेच मग पी वेव्हसाठी पुन्हा करा. ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढच्या उदाहरणात सगळा उलगडा या दुसऱ्या फेरीतच होतो.

एक पट्टी पूर्ण मोजून

समजा, ७१ वर्षांच्या एक आजी दाखल आहेत. रक्तदाबासाठी त्यांना मेटोप्रोलॉल चालू आहे, आणि दोन दिवसांपूर्वी त्यात डिल्टियाझेमची भर पडली आहे. सकाळी उठून बसल्या की गरगरतं म्हणतात. तुम्ही ईसीजी काढता. मशीन वर छापतं: गती ६०. हा आकडा पाहून कागद फाइलमध्ये लावला तर ठोक्यांमधली खरी गोष्ट तिथेच दबून राहते.

आता पट्टी मोजू. १० सेकंदांत क्यूआरएस दहा, म्हणजे ६० बरोबर. पण ते सारख्या अंतरावर नाहीत. तीन ठोके जवळजवळ येतात, मग एक पोकळी, पुन्हा तीन, पुन्हा पोकळी. पहिल्या आणि दुसऱ्या क्यूआरएसमध्ये २३ लहान चौकोन आहेत, दुसऱ्या-तिसऱ्यात २१, आणि तिसऱ्यानंतर एकदम ३६. मग पुन्हा २३, २१, ३६. इथपर्यंत आलेला विद्यार्थी म्हणतो, ‘सिस्टर, अनियमित आहे, एएफ असेल.’ मी इथे एकच प्रश्न विचारते: पी आहे का? एएफमध्ये खऱ्या पी वेव्ह नसतात, तळरेषा थरथरत असते आणि अंतरांना कोणताच ठरावीक क्रम नसतो. इथे तर क्रम पाठ म्हणता येईल इतका स्पष्ट आहे.

मग पेन्सिल-कागदाची दुसरी फेरी, पीसाठी. पहिल्या दोन पी वेव्हमध्ये २० लहान चौकोन आहेत, म्हणजे मिनिटाला ७५. कागद सरकवला की तिसरी पी खुणेवर येते. चौथी पी कुठे असायला हवी तिथे पाहा: तिसऱ्या ठोक्याच्या टी वेव्हच्या लगेच मागे, अगदी खेटून, एक छोटासा उंचवटा आहे. नुसत्या नजरेला तो टीचीच शेपटी वाटतो. पण खूण अचूक तिथेच येते, आणि त्या उंचवट्याचा आकार बाकीच्या पीसारखाच आहे. ती पी आहे. तिच्यानंतर क्यूआरएस आलेला नाही. पाचवी पी पुन्हा वेळेवर, तिच्यानंतर क्यूआरएस. पूर्ण पट्टीत पी वेव्ह १३ आहेत आणि क्यूआरएस १०. तीन पी खाली पोहोचल्याच नाहीत.

आता पीआर इंटरव्हल मोजा, प्रत्येक ठोक्याचा वेगळा. गटातल्या पहिल्या ठोक्यात पाच चौकोन, म्हणजे ०.२० सेकंद. दुसऱ्यात आठ, म्हणजे ०.३२. तिसऱ्यात नऊ, म्हणजे ०.३६. चौथी पी येते आणि अडते. त्यानंतरच्या ठोक्यात पीआर पुन्हा पाचवर. क्यूआरएस दोन चौकोनांचा, अरुंद. याला दुसऱ्या अंशाचा एव्ही ब्लॉक, मोबिट्झ प्रकार एक म्हणतात. वॉर्डात सगळे वेंकेबाख म्हणतात.

असं का होतं, हे कळलं की पाठ करावं लागत नाही. एव्ही नोडला एक ठोका सोडल्यावर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून आता उलटं अंतर मोजा, क्यूआरएसपासून पुढच्या पीपर्यंतचं. पहिल्या ठोक्यानंतर ते १५ चौकोन आहे, दुसऱ्यानंतर १२, तिसऱ्यानंतर ११. म्हणजे प्रत्येक पुढची पी एव्ही नोडला आधीपेक्षा कमी विश्रांती मिळालेली असताना येते. थकलेला नोड तिला आणखी सावकाश सोडतो, त्यामुळे क्यूआरएस आणखी उशिरा येतो आणि पुढच्या पीसाठी त्याहून कमी वेळ उरतो. शेवटी एक पी अशा क्षणी येते की नोड काहीच सोडू शकत नाही. तो ठोका गळतो, नोडला मोठी विसावण्याची संधी मिळते आणि पुढचा पीआर पुन्हा आखूड होतो. पीआर वाढत असताना क्यूआरएसमधली अंतरं मात्र कमी होत जातात, २३ वरून २१, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. कारण एवढंच की पीआर वाढतो, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी वाढतो: आधी तीन चौकोनांनी, मग एकाने. पोकळीही पीच्या दोन अंतरांपेक्षा लहान आहे, ४० च्या जागी ३६. मोजमाप बरोबर झालं का, हे या दोन खुणांवरून ताडून पाहता येतं.

आजींच्या बाबतीत कारण शोधायला दूर जावं लागत नाही. मेटोप्रोलॉल आणि डिल्टियाझेम दोन्ही एव्ही नोडला सावकाश करतात, आणि दोन्ही एकत्र दिली की परिणाम वाढतो. डिगॉक्सिन आणि व्हेरापामिलही याच रांगेतली. मात्र अशा रुग्णाला छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर सगळा दोष औषधांवर टाकून मोकळं होऊ नका. बहुतेक माणसांत एव्ही नोडला रक्त उजव्या कोरोनरी धमनीतून मिळतं, आणि त्याच धमनीच्या अडथळ्याने हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका येतो. अशा वेळी लीड टू, थ्री आणि एव्हीएफमधला एसटी वर उचलला आहे का ते पाहावंच लागतं. उलट, झोपेत किंवा भरपूर व्यायाम करणाऱ्या तरुणांत वेंकेबाख निरोगी हृदयातही दिसतो, कारण तेव्हा व्हेगस नर्व्हचा पगडा जास्त असतो.

याच्यासारखं दिसणारं, पण जास्त धोक्याचं

गळालेली पी सापडली की लगेच थांबू नका. गळण्याआधीचे पीआर पाहा. वाढत गेले असतील तर मोबिट्झ एक. पण ते सगळे अगदी सारखे असतील आणि कोणतीही पूर्वसूचना न देता एक पी अडली असेल, तर तो मोबिट्झ दोन. त्यात बिघाड बहुधा एव्ही नोडच्या खाली, हिसच्या गठ्ठ्यात किंवा शाखांमध्ये असतो, म्हणून क्यूआरएस अनेकदा रुंद दिसतो. हा रुग्ण अचानक पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो. डॉक्टरांना तातडीने बोलवा आणि पेसिंगची सोय असलेला डिफिब्रिलेटर पलंगापाशी आणून ठेवा. पूर्ण ब्लॉकमध्ये पी आपल्या गतीने चालते, क्यूआरएस आपल्या, आणि पीआर प्रत्येक ठोक्यात काहीही येतो, वाढण्याचा क्रम नसतो. गळण्याआधीचा आणि गळल्यानंतरचा पीआर शेजारी-शेजारी ठेवले तर वेंकेबाख आणि मोबिट्झ दोन यांतला फरक लवकर कळतो: वेंकेबाखमध्ये नंतरचा स्पष्ट आखूड असतो, मोबिट्झ दोनमध्ये दोन्ही सारखे.

एक अडचण मात्र मोजून सुटत नाही. दर दोन पीमागे एकच क्यूआरएस येत असेल, तर गळण्याआधी लागोपाठचे दोन पीआर मिळतच नाहीत, मग वाढले की नाही कसं ठरवणार? अशी पट्टी पाहिली तर प्रकार न ठरवता ‘दोनास एक ब्लॉक’ असंच सांगा आणि लांब पट्टी काढून ठेवा. मधे कुठे तीनास दोन झालं तर उत्तर मिळून जातं.

आणि खोट्या लहरींबद्दल. थंडीने कुडकुडणारा, पार्किन्सनचा किंवा दात घासत असलेला रुग्ण मॉनिटरवर भयंकर दिसू शकतो. अशा वेळी त्या गोंधळात ठरावीक अंतरावर टोकदार क्यूआरएस डोकावतात का ते पाहा. ते खऱ्या अंतरानेच पुढे जात असतील तर हृदय आपलं काम करत आहे आणि गोंधळ त्वचेवरचा आहे. एखाद्या लीडमध्ये, विशेषतः लीड टूमध्ये, जवळपास सपाट रेषा आणि बाकी सगळं ठीक असेल, तर उजव्या हाताची आणि उजव्या पायाची वायर बदलली आहे का पाहा. त्या बदलाने लीड टू दोन्ही पायांमधला फरक मोजत बसते, आणि तो जवळपास शून्य असतो. काहीही असलं तरी नाडीवर बोट आधी, कागद नंतर.

आजींकडे परत येऊ, कारण पट्टी वाचून झाली तरी काम अर्धंच झालंय. आजींना आडवं करा, नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, म्हणजे गळणारा ठोका बोटालाही जाणवेल. झोपलेलं आणि बसलेलं रक्तदाब मापन लिहा, गरगरायला लागलं तर बसवू नका. पुढच्या मेटोप्रोलॉल आणि डिल्टियाझेमच्या मात्रा डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. फोनवर ‘ईसीजी थोडा इकडेतिकडे आहे’ असं म्हणायचं नाही, तर असं सांगायचं: ‘७१ वर्षांच्या आजी, बसल्यावर गरगरतंय, बीपी इतकं. पी ७५ ने नियमित, पीआर ०.२० वरून ०.३६ पर्यंत वाढतो आणि दर चौथ्या पीनंतर क्यूआरएस गळतो. क्यूआरएस अरुंद. मेटोप्रोलॉल चालू आहे, डिल्टियाझेम दोन दिवसांपूर्वी सुरू झालं. पुढची मात्रा थांबवली आहे, काय करू?’ पट्टीवर नाव, तारीख, वेळ आणि त्या क्षणी आजींना काय होत होतं ते पेनने लिहा, आणि मॉनिटरवर ठेवून दर तासाला एक पट्टी काढत राहा. औषध उतरायला लागलं की तिसऱ्या ठोक्याचा पीआर नऊवरून खाली येताना याच चौकोनांत दिसेल, आणि गट तीनाऐवजी मोठे होऊ लागतील. याउलट पोकळ्या वाढल्या, क्यूआरएस रुंद झाला किंवा आजी झोपल्या-झोपल्याही गरगरायला लागल्या, तर पुढच्या तासाची वाट न पाहता लगेच बोलवा.